भिशीत सारखी तीच कटकट होतेय? आधी भिशीवाल्या वहिनीचे मेसेज वरपासून खालपर्यंत वाचा

तक्रार साधारण अशी असते. भिशी व्यवस्थित चालू असते, जानेवारी फेब्रुवारी मार्च काही प्रॉब्लेम नाही, मग कधीतरी कोणाला तरी रक्कम कमी मिळते किंवा उशिरा मिळते, ग्रुपवर दोन दिवस बोलाचाली होते, वहिनी रडकुंडीला येते, सगळे "जाऊदे" म्हणतात आणि दोन महिन्यांनी परत तेच. मग लोक म्हणतात अमकी बाई पैशाला बरोबर नाही. बऱ्याचदा बाई बरोबरच असते, नियमच अर्धा सांगितलेला असतो, आणि तो अर्धा कुठे राहिलाय ते वहिनीच्याच मेसेजमधे दिसतं. फक्त ते मेसेज आपण जसे येतात तसे एकेक वाचतो आणि अंगठा टाकून मोकळे होतो, सलग कधीच वाचत नाही.

मी आमच्याकडच्या बचत गटाची वही लिहिते त्यामुळे मालवण बाजूच्या दोन-चार भिश्यांची भांडणं फिरत फिरत माझ्याकडे येतात. बचत गटाला निदान बँकेचं खातं, ठरावाची वही, सह्या असतात. भिशीत फक्त विश्वास आणि व्हॉट्सॲप. म्हणून व्हॉट्सॲप हीच वही समजायची.

इथे मी साध्या नंबराच्या किंवा चिठ्ठीच्या भिशीबद्दल बोलतेय, म्हंजे सगळ्यांनी सारखा हप्ता भरायचा आणि प्रत्येकीला एकेकदा पूर्ण रक्कम. बोली लावून जी कमी घेईल तिला उचल देतात ती लिलावाची भिशी वेगळी, ती १९८२ च्या चिट फंड कायद्यात येते, त्याला परवानगी लागते, तिथे मेसेज वाचून काही सुटत नाही, त्यात घरगुती लेव्हलला पडूच नका.

आधी एक काम करा. ग्रुपच्या माहितीत जाऊन बघा मेसेज आपोआप गायब होण्याचं सेटिंग चालू आहे का. ते ९० दिवसांवर असेल तर जानेवारीत सांगितलेला नियम एप्रिलमधे ग्रुपवर नसतोच, आणि मग "मी सांगितलं होतं" आणि "कधी सांगितलंत" एवढंच उरतं. ते बंद करायला सांगा. मग चॅटमधे वरती शोध मारा, "भिशी", "तारीख", "लेट", "नंबर", "चिठ्ठी", "दंड" असे शब्द टाकून, आणि जे जे वहिनीचे मेसेज येतात ते तारखेने एका कागदावर उतरवून घ्या. व्हॉइस मेसेज शोधात येत नाहीत, ते ऐकून लिहायला लागतात, कंटाळवाणं आहे पण नेमकी सवलत बहुतेक वेळा व्हॉइसमधेच दिलेली असते कारण लिहायचा कंटाळा.

आता एक भिशी घेऊ. बारा जणी, महिना २००० रुपये, म्हंजे उचल २४,००० ची, जानेवारी ते डिसेंबर. दोघी तिघी मासळीवाल्या, एक होमस्टे चालवणारी, एक अंगणवाडीतली, एक मुंबईला असलेली नणंद, बाकी आळीतल्या. नेहमीचीच जत्रा. वहिनीचा पहिला मेसेज असा:

"सर्वांनी १० तारखेच्या आत पैसे जीपे करावे, त्याच दिवशी चिठ्ठी काढू. पहिला नंबर रीतीप्रमाणे माझा."

वाचायला अगदी क्लिअर वाटतो ना. पण १० च्या रात्री साडेअकराला पाठवले तर आत की बाहेर? मला विचाराल तर "१० तारीख रात्री १२ पर्यंत" एवढं लिहिलं की भांडण संपतं. "त्याच दिवशी" म्हंजे १० ला, की सगळ्यांचे आले त्या दिवशी? हा फरक छोटा नाही, कारण एकीचे पैसे १४ ला आले तर चिठ्ठी १० ला निघणार की १४ ला? आणि १० ला निघाली तर जिचे पैसे आलेच नाहीत तिची चिठ्ठी डब्यात टाकायची का? आमच्याकडे हे प्रत्यक्ष झालं, फेब्रुवारीत हप्ता न भरलेल्या बाईचीच चिठ्ठी निघाली. तिने चार दिवसांनी २००० भरले आणि २४,००० नेले. बाकीच्या धुसफुसत बसल्या पण बोलणार काय, मेसेजमधे कुठेच नव्हतं की पैसे नाहीत तर चिठ्ठी नाही.

पहिला नंबर चालवणारीचा ही रीत सगळीकडे आहे, त्यात गैर काही नाही, ती वर्षभर सगळ्यांच्या मागे लागते, हिशेब ठेवते, तेवढा मान असू दे. पण बघायचं ते हे की ती स्वतःचा हप्ता भरते का. काही भिश्यांत जिचा नंबर ती त्या महिन्यात भरत नाही आणि २२,००० घेते, काहींत भरते आणि २४,००० घेते. दोन्हीचा हिशेब सारखाच, फक्त सगळ्यांना एकच पद्धत पाहिजे. नाहीतर कोणी म्हणते तिला २४ मिळाले मला २२ च, आणि कारण नसताना संशय सुरू.

मार्चमधला मेसेज:

"ज्यांचे लेट होतात त्यांना आता ५० रु दंड लागेल 🙏 कृपया सहकार्य करा"

इथे दोन गोष्टी नाहीत. ५० एकदाच की दिवसाला? दहा दिवस उशीर झाला तर एका हिशेबाने ५० आणि दुसऱ्या हिशेबाने ५००, आणि दोन्ही बाजूंना आपलंच बरोबर वाटतं. दुसरी जास्त महत्त्वाची, दंडाचे पैसे जातात कुठे. वहिनीकडे राहिले तर लोक हळूहळू बोलायला लागतात की हिला उशीर झालेलाच बरा. वर्षाच्या शेवटी वडापाव पार्टी करायची तर तसं सांगा. माझ्या मते दंड जिचा नंबर होता तिला मिळाला पाहिजे, कारण थांबली ती.

हे सगळं किरकोळ. खरी गाडी अडते जूनमधे. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, किल्ल्याच्या होड्या पावसात बंद, पर्यटक नाही, होमस्टेवाली पण बसून. म्हंजे भिशीत ज्यांचं पोट समुद्रावर आहे त्यांचं उत्पन्न दोन महिने थांबतं, आणि हे जानेवारीतही सगळ्यांना माहीत असतं तरी नियमात नसतं. मग वहिनी चांगल्या मनाने लिहिते:

"बंदी असल्यामुळे ज्यांना या महिन्यात जमत नाही त्यांनी नंतर दिले तरी चालतील. जेवढी जमा होईल तेवढी भिशी देऊ बाकी जमेल तसे."

याच मेसेजवर सगळ्यांनी हात जोडले आणि हृदय टाकलं. आणि याच मेसेजने एका बाईचे ६००० गेले, कोणी खाल्ले नाहीत तरी गेले. कसे ते सांगते, हळूहळू वाचा कारण हीच भानगड पुन्हा पुन्हा होते.

जूनमधे तिघींनी भरलं नाही. नऊ जणींचे १८,००० जमले, जिचा नंबर होता तिला १८,००० मिळाले, ६००० बाकी. जुलैत बाराही जणींनी २००० पाठवले. चांगली गोष्ट. त्या तिघींपैकी प्रत्येकीच्या मनात की मी जूनचे दिले, जुलैचे देईन जमेल तसे. वहिनीच्या मनात की जुलैचे बारा आले, २४,००० पूर्ण, आणि तिने ते जुलैवालीला देऊन टाकले. मोबाईलवर तर नुसते २००० दिसतात, कुठल्या महिन्याचे ते लिहिलेलं नाही. ऑगस्ट, सप्टेंबर परत बारा बारा हप्ते, सगळं पूर्ण दिसतंय, ग्रुपवर "भिशी मिळाली थॅंक्यू वहिनी" चे मेसेज. आणि जूनवाली बिचारी गप्प, तिला वाटतं येतील.

डिसेंबरला हिशेब काय झाला बघा. जूनवालीने बारा हप्ते म्हंजे २४,००० भरले आणि तिला १८,००० मिळाले. त्या तिघींनी अकरा हप्ते म्हंजे २२,००० भरले आणि त्यांना आपापल्या नंबरला पूर्ण २४,००० मिळाले. तिघींचे दोन-दोन हजार मिळून बरोबर ६०००. कोणीच चोरी केली नाही, वहिनीच्या हातात एक रुपया राहिला नाही, आणि तरी एकीचं नुकसान झालं.

कोणी म्हणेल मग जुलैत आलेले पैसे आधी जूनचे धरायचे. धरा. मग त्या तिघींचे ६००० जूनवालीला गेले, ती खूष, पण आता जुलैवालीला १८,००० च. ऑगस्टमधे तेच, तिचा खड्डा ऑगस्टवालीवर. असा तो खड्डा पुढे पुढे सरकतो आणि त्या तिघींनी एखाद्या महिन्यात डबल हप्ता दिला नाही तर जिचा शेवटचा नंबर तिच्यावर जाऊन बसतो. आणि शेवटचा नंबर घेणारी साधारण जी सगळ्यात समजूतदार तीच असते, "माका काय घाई नाय" म्हणणारी.

तेव्हा "नंतर दिले तरी चालतील" असा मेसेज आला की वहिनीला तीन गोष्टी विचारायच्या. नंतर म्हंजे कुठल्या तारखेला, तोपर्यंत कमी पडलेले कोण सोसणार, आणि आलेले पैसे कुठल्या महिन्याचे धरणार. मधला प्रश्न सगळ्यात अवघड. वहिनीने स्वतःच्या पदरचे घालून पूर्ण करायचे म्हटलं तर ती एका महिन्याला घालील, सहा हजार दर वेळी कुठून आणणार. उचल सगळे पैसे येईपर्यंत थांबवली तर जिने त्या पैशावर छपराचे पत्रे किंवा पोराची फी धरली तिची पंचाईत. जिचा नंबर तिनेच सोसायचं म्हटलं तर जून जुलैचा नंबर कोणालाच नको होणार. मला विचारलंत तर समुद्रकाठच्या भिशीत सगळ्यात बरा उपाय असा, की ज्यांना बंदीत जमत नाही हे आधीच ठाऊक आहे त्यांनी एप्रिल मे मधे, धंदा चालू असताना, जूनचा हप्ता आगाऊ ठेवायचा, अर्धा अर्धा करून चालेल. वहिनीने तो वेगळा लिहून ठेवायचा, चालू महिन्यात मिसळायचा नाही. होमस्टेवालीचा तर मे महिना जोरात असतो, तिला काही जड नाही.

आणि पैसे पाठवताना प्रत्येकीने खाली नोटमधे "भिशी जून" असं टाकायचं. दोन सेकंदाचं काम आहे. वरचा सगळा गोंधळ निम्म्याने कमी होतो कारण मग २००० नुसते २००० राहत नाहीत. रोख देणाऱ्या बायकांसाठी वहिनीने ग्रुपवर "अमुकचे जूनचे मिळाले" एवढं टाकायचं.

पुढचा मेसेज गणपतीच्या आधीचा, हा तर दर वर्षी येतोच:

"गणपतीला ज्यांना खरंच गरज आहे त्यांनी मला पर्सनल सांगा, या वेळी चिठ्ठी न काढता देऊ. बाकीच्यांनी ॲडजस्ट करावे."

गणपतीच्या आधीचा नंबर म्हंजे आपल्याकडे सोन्याचा नंबर. चाकरमानी येणार, रंगरंगोटी, किराणा, भजनी मंडळींचा चहा-उसळ, सगळा खर्च एकदम. गरज सगळ्यांनाच असते. आणि सांगायचं पर्सनलवर, त्यामुळे कोणी कोणी सांगितलं, वहिनीने कोणाला का निवडलं, काहीच दिसत नाही. त्या वर्षी दोघींनी सांगितलं होतं, एकीला मिळाली, आणि दुसरीला वाटलं ती वहिनीची माहेरची म्हणून. आता ते खरं की खोटं मला माहीत नाही आणि इथे ते महत्त्वाचंही नाही, मेसेजमधे निवडायची पद्धतच नाही त्यामुळे काहीही केलं तरी संशय येणारच.

बघायचं असं की हा मेसेज पहिल्या मेसेजला कापतो का. जानेवारीत चिठ्ठी म्हटली होती, ऑगस्टमधे गरज. दोन्ही पद्धती चालतात पण मधेच बदलली तर जिला चिठ्ठीत लागली असती तिचा चान्स गेला. करायचंच असेल तर सुरुवातीलाच सांगा की एक महिना गणपतीचा राखीव, आणि एकापेक्षा जास्त जणींनी मागितला तर तेवढ्यांच्याच चिठ्ठ्या ग्रुपवर व्हिडिओ काढून. नंबर आधीच ठरलेले असतील आणि दोघींना अदलाबदल करायची असेल तर दोघींनीही ग्रुपवर लिहायचं, "माझा सप्टेंबर तिला, तिचा नोव्हेंबर मला". एकीने लिहून आणि दुसरीने फोनवर सांगून नाही चालत.

आता शेवटचा, ऑक्टोबरचा:

"ज्यांनी आधी भिशी घेतली आहे त्यांनी तरी वेळेवर भरा प्लीज"

या मेसेजमधे नियमच नाही, नुसती विनवणी आहे. विनवणी दिसली की समजायचं इथे एक नियम पाहिजे होता आणि तो नाही. उचल घेऊन झालेल्या बाईचा उशीर आणि न घेतलेल्या बाईचा उशीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिने अजून घेतली नाही तिचे पैसे भिशीत अडकलेत, ती कुठे जात नाही, फार तर तिच्या नंबरातून वळते करता येतात. मार्चमधे २४,००० घेऊन गेलेली ऑक्टोबरपासून भरायची थांबली तर ऑक्टोबर नोव्हेंबर डिसेंबरचे ६००० तिच्याकडून काढायला काहीच हातात नसतं. म्हणून काही ठिकाणी पहिल्या चार-पाच नंबरांना भिशीतलीच दुसरी एक जण जामीन ठेवतात, म्हंजे ही थांबली तर ती भरणार, आणि तेही ग्रुपवर लिहून. कडक वाटतं, पण जामीन राहायला कोणी तयार नसेल तर त्या बाईला उशिराचा नंबर द्यायचा, तिलाही वाईट वाटायचं कारण नाही.

तशीच मधेच सोडणारीची गोष्ट. "सोडल्यास पैसे शेवटी मिळतील" असा मेसेज कधीतरी येतो. पूर्ण मिळतील की काही कापून, आणि तिच्या जागी नवीन कोणी आली नाही तर उरलेल्यांची उचल २४ ची २२ होणार का, हे विचारून घ्या.

विचारायचं कसं हा खरा प्रॉब्लेम. वहिनी शेजारची असते, उद्या तिच्याच घरी हळदीकुंकवाला जायचंय. ग्रुपवर "हिशेब दाखवा" असं टाकलं की झालं. त्यापेक्षा आधी फोन करा, मग तिच्याच संमतीने ग्रुपवर असं काहीतरी:

"वहिनी, तुमच्यावर सगळा लोड येतो म्हणून म्हटलं एकदा लिहून ठेवूया म्हंजे तुम्हाला सारखं सांगायला नको. जूनचे ज्यांचे राहिलेत त्यांनी कुठल्या तारखेपर्यंत द्यायचे आणि ते आले की जूनवालीला द्यायचे ना? बरोबर असेल तर ग्रुपच्या माहितीत टाकू का मी?"

ग्रुपच्या माहितीत म्हंजे ग्रुपचं नाव असतं त्याच्या खाली, तिथे. वरती पिन केलेला मेसेज जास्तीत जास्त ३० दिवस राहतो, वर्षभराच्या नियमाला तो उपयोगाचा नाही.

आणि एक तपासणी, जी नियमाची गडबड आणि पैशाची गडबड वेगळी करून दाखवते. एका कागदावर प्रत्येक महिन्याला लिहा, कोणाचा नंबर, किती जमा, किती दिले, आणि कोणाचे बाकी नावासकट. जिला कमी मिळाले तिची तूट आणि ज्यांचे बाकी त्यांची बेरीज, हे दोन आकडे जुळले पाहिजेत. आपल्या उदाहरणात तूट ६००० आणि बाकी तिघी, जुळलं, म्हंजे वहिनीकडे काही नाही, नियम लिहिला की भागेल. पण तूट ६००० आणि नावं दोनच सांगता येत असतील तर उरलेले २००० कुठेतरी आहेत. बऱ्याचदा वहिनीने घरखर्चात वापरलेले असतात, पुढच्या हप्त्यातून भरू म्हणून, आणि तेव्हा मेसेजही बदलतात बघा, "दोन दिवसात देते", "बँकेचा प्रॉब्लेम आहे", "सगळ्यांचे आले नाहीत" पण कोणाचे नाहीत ते नाव नाही. असं दोन महिने लागोपाठ दिसलं तर पुढचा हप्ता वहिनीकडे न पाठवता, वहिनीला सांगूनच, ज्या बाईचा नंबर आहे तिलाच सगळ्यांनी डायरेक्ट पाठवायचा आणि पाठवल्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचा. वहिनीने फक्त नावावर टिक करायची. प्रामाणिक असेल तर ती हो म्हणेल, उलट तिच्या डोक्यावरचं ओझं कमी होतं.